कोरी चौकट आणि चार प्रश्न

कोड लिहिणाऱ्याला आपला बदल थेट मुख्य कोडमध्ये घालता येत नाही, निदान जिथे नीट काम चालतं तिथे तरी नाही. तो आपल्या वेगळ्या ब्रँचमध्ये बदल करतो आणि मग सहकाऱ्यांपुढे मांडतो: हे मी केलंय, बघा, पटलं तर मुख्य कोडमध्ये मिसळा. या मांडणीला पुल रिक्वेस्ट म्हणतात. ऑफिसात सगळे नुसतं ‘पीआर’ म्हणतात. पीआर उघडला की गिटहबवर दोन गोष्टी समोर येतात. एक डिफ, ज्यात काढलेल्या ओळी लाल आणि नव्या ओळी हिरव्या दिसतात. दुसरी वर्णनाची चौकट. डिफ संगणक आपोआप तयार करतो. चौकट माणसाने भरायची असते आणि ती बऱ्याचदा कोरी राहते, किंवा तिच्यात ‘तारीख दुरुस्त केली’ एवढंच असतं.

त्याची किंमत तपासणारा, म्हणजे रिव्ह्यूअर, मोजतो. पुण्यातल्या मुलीने संध्याकाळी सहाला पीआर टाकला आणि तपासणारा न्यू जर्सीत असेल तर तो तिच्या रात्री तो उघडणार. त्याला एक शंका आली की तो एक प्रश्न लिहिणार. तिचं उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी, ते त्याला दिसणार पुन्हा रात्री. एका प्रश्नात एक दिवस गेला. असे तीन प्रश्न निघाले तर एका ओळीच्या बदलाला आठवडा लागतो, आणि त्या आठवड्यात कोणीही आळस केलेला नसतो. दोघं शेजारी बसत असले तरी फार वेगळं होत नाही. तपासणारा खुर्ची वळवून विचारतो, ती तोंडी सांगते, आणि सहा महिन्यांनी तोच बदल पुन्हा कोणाला तरी कळेनासा होतो तेव्हा ते बोलणं कुठेच लिहिलेलं नसतं.

यावरचा उपाय साधा आहे. कोडच्या सोबतच एक फाइल ठेवायची, तिचं नाव `.github/pull_request_template.md`. ती मुख्य ब्रँचमध्ये असली की त्यानंतर साइटवरून उघडलेल्या प्रत्येक पीआरच्या चौकटीत तिच्यातला मजकूर आधीच भरून येतो: काही प्रश्न, काही टिक करायच्या ओळी. याला टेम्प्लेट म्हणतात. गिटहबने ही सोय 2016 च्या फेब्रुवारीत आणली. त्याच्या महिनाभर आधी मुक्त सॉफ्टवेअरचे प्रकल्प सांभाळणाऱ्या अनेकांनी मिळून गिटहबला उद्देशून एक खुलं पत्र लिहिलं होतं. लोक तक्रारी नोंदवतात, पण त्यात लागणारी माहितीच नसते आणि आमचा वेळ ती विचारण्यात जातो, हे त्यातलं एक मोठं गाऱ्हाणं होतं.

फाइल बनवायला पाच मिनिटं लागतात. तिच्यात काय लिहायचं हा खरा प्रश्न आहे, कारण बहुतेक टेम्प्लेटं काही महिन्यांत निकामी होतात. ती का निकामी होतात हे कळायला एक बदल जवळून पाहू.

समजा बसची तिकिटं विकणारं एक ॲप आहे. रात्रीच्या गाड्यांचं बुकिंग मध्यरात्रीनंतरही चालू असतं. कंपनीच्या हिशेब विभागाला रोजच्या विक्रीचा अहवाल लागतो. सर्व्हरचं घड्याळ यूटीसी या जागतिक वेळेवर लावलेलं आहे, जसं ते बहुतेक सर्व्हरवर असतं. भारतीय वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. त्यामुळे 1 एप्रिलला रात्री 12 वाजून 10 मिनिटांनी घेतलेलं तिकीट सर्व्हरच्या लेखी 31 मार्चच्या संध्याकाळी 6:40 चं असतं. अहवालात ते आदल्या दिवशी पडतं. एरवी एका दिवसाचा फरक कोणाच्या लक्षात येणार नाही, पण इथे मधे आर्थिक वर्ष बदलतं. हिशेब विभागाने तक्रार केली, तिला तिकीट क्रमांक 412 मिळाला, आणि मे महिन्यात एका मुलीने दुरुस्ती केली. डिफ एवढाच:

```
- WHERE created_at::date = '2025-04-01'
+ WHERE (created_at AT TIME ZONE 'Asia/Kolkata')::date = '2025-04-01'
```

जुनी ओळ सर्व्हरच्या तारखेने तिकिटं निवडत होती, नवी ओळ भारतीय तारखेने निवडते. वर्णनात ‘तारीख दुरुस्त केली’. तपासणाऱ्याने ओळ वाचली, बरोबर वाटली, मान्यता दिली. बदल मुख्य कोडमध्ये गेला.

ओळ बरोबरच आहे. अडचण ओळीत नाही. हा अहवाल उघडला की दर वेळी नव्याने मोजला जातो. म्हणजे दुरुस्तीनंतर मार्चचा अहवाल पुन्हा काढला तर आकडे वेगळे येणार. 1 मार्चच्या पहाटेची जी तिकिटं फेब्रुवारीत धरली होती ती मार्चमध्ये येणार, आणि 1 एप्रिलच्या पहाटेची मार्चमधून जाणार. मार्चचे आकडे तर एप्रिलमध्येच जीएसटीच्या विवरणपत्रात भरून झालेले. आता कंपनीच्या कागदांवर एक बेरीज आणि कंपनीच्या अहवालात दुसरी. ही गोष्ट डिफ कितीही वेळा वाचला तरी दिसत नाही, कारण डिफमध्ये ती नाहीच. ती हिशेब विभागाच्या कपाटात आहे.

टेम्प्लेटचं काम इथे सुरू होतं. डिफ वाचून जे कळत नाही तेवढंच त्याने विचारावं. मायक्रोसॉफ्टमधल्या रिव्ह्यूच्या पद्धतीवर अल्बेर्तो बाकेली आणि ख्रिश्चन बर्ड यांचा 2013 मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या क्षेत्रात खूप वाचला जातो. तपासणाऱ्यांना सर्वांत जड जातं ते बदल समजून घेणं, तो कशासाठी केला आणि आजूबाजूला काय आहे हे कळणं, असं त्यांना दिसलं. चूक शोधणं त्यानंतर येतं. मग टेम्प्लेटने लिहिणाऱ्याकडून ही समजूतच काढून घ्यायला हवी.

आता नेहमीचं टेम्प्लेट कसं असतं ते पाहा. त्यात पंधरा-वीस टिकच्या ओळी असतात. ‘मी कोड कंपनीच्या नियमांप्रमाणे लिहिला आहे.’ ‘मी टेस्ट लिहिल्या आहेत.’ ‘माझ्या बदलाने नवे इशारे येत नाहीत.’ ‘मी कागदपत्रं अद्ययावत केली आहेत.’ सरकारी अर्जाच्या तळाशी ‘वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे’ असं छापलेलं असतं आणि आपण न वाचता सही करतो, तसंच या ओळींचं होतं. पहिल्या आठवड्यात लोक वाचून टिक करतात. मग सगळ्या एकदम टिक करतात. मग सगळं पुसून टाकतात. तारखेच्या आपल्या बदलात या चारही ओळींवर खरेपणाने टिक करता आली असती आणि मार्चच्या आकड्यांचा घोळ तरीही झालाच असता.

यातल्या निम्म्या ओळी माणसाला विचारायच्याच नाहीत. कोडची मांडणी नियमात आहे का, टेस्ट पास होतात का, नवे इशारे येतात का, हे पीआर उघडताच यंत्र आपोआप तपासू शकतं आणि पानावर हिरवी खूण किंवा लाल फुली दाखवतं. जे यंत्र सांगतं ते माणसाकडून पुन्हा वदवून घेतलं की माणूस यादीला गंभीरपणे घेणं सोडतो, आणि त्यात एखादी कामाची ओळ असेल तर तीही वाहून जाते. म्हणून टेम्प्लेट लिहायला बसलं की पहिलं काम वजाबाकीचं: यंत्राला जे जमतं ते यादीतून काढा.

उरलेल्यातही टिक आणि प्रश्न यांत फरक करावा लागतो. ‘टेस्ट केली आहे’ ही टिक आहे. ती एका क्लिकने होते आणि तिच्यातून काहीच कळत नाही. ‘कोणती माहिती देऊन तपासलं, काय दिसायला हवं होतं आणि काय दिसलं?’ हा प्रश्न आहे. त्याचं उत्तर द्यायचं तर खरोखर तपासावं लागतं. खोटं उत्तर बनवायला खऱ्यापेक्षा जास्त कष्ट पडतात. माझं मत विचाराल तर टेम्प्लेटमधली महत्त्वाची प्रत्येक गोष्ट प्रश्नाच्या रूपात असावी आणि टिकच्या ओळी तीन-चारच्या वर जाऊ नयेत. टिक फक्त त्या कामांसाठी, जी केली की नाही याचं उत्तर खरोखरच हो किंवा नाही असतं आणि जी घाईत विसरली जातात.

मी एखाद्या लहान चमूला पुढच्यासारखं टेम्प्लेट देईन. भाषा चमूची रोजची असावी. मराठीत बोलणाऱ्या चमूने ते मराठीत लिहायला काहीच हरकत नाही, गिटहबला देवनागरी चालते.

```
## काय बदललं आणि का
<!-- आधी काय होत होतं, आता काय होईल. तिकिटाचा क्रमांक. -->

## कसं तपासलं
<!-- काय दिलं, काय यायला हवं होतं, काय आलं. -->

## जुन्या माहितीवर आणि इतर लोकांवर परिणाम
<!-- नसेल तर "नाही" लिहा आणि का नाही ते एका वाक्यात. -->

## आधी इथे पाहा
<!-- कोणती फाइल, कोणती शंका. -->

- [ ] डिफ मी स्वतः शेवटपर्यंत वाचला
- [ ] डेटाबेसची रचना बदलली असेल तर ती मागे घेऊन पाहिली
- [ ] स्क्रीन बदलली असेल तर मोबाइलवरचं चित्र जोडलं
```

`<!--` आणि `-->` यांच्या मधला मजकूर लिहिताना दिसतो, पण पीआर प्रसिद्ध झाल्यावर पानावर दिसत नाही. त्यामुळे सूचना तिथे ठेवल्या की भरणाऱ्याला मदत होते आणि वाचणाऱ्याच्या वाटेत त्या येत नाहीत. `- [ ]` ने टिक करायचा चौकोन तयार होतो, आणि पीआरच्या यादीत ‘तीनपैकी दोन झाले’ अशा अर्थाची मोजणीही दिसते.

आता तीच मुलगी तोच बदल या टेम्प्लेटमध्ये भरते आहे असं धरू. पहिला प्रश्न सोपा जातो: अहवाल यूटीसीने दिवस मोजत होता, त्यामुळे रात्री 12 ते पहाटे 5:30 मधली तिकिटं आदल्या दिवशी पडत होती, आता दिवस भारतीय वेळेने मोजला जाईल, `Fixes #412`. हे शेवटचे शब्द तिकिटाला जोडलेले असतात. बदल मुख्य ब्रँचमध्ये मिसळला की तक्रार आपोआप बंद होते.

दुसऱ्या प्रश्नापाशी ती थांबते. तिने तपासलं होतं, पण दुपारी तीनचं एक तिकीट काढून. दुपारी तीनला दोन्ही घड्याळांची तारीख एकच असते, म्हणजे त्या तपासणीने जुना कोडही पास झाला असता. ‘काय दिलं, काय आलं’ लिहायला घेतल्यावर हे लगेच लक्षात येतं, कारण लिहायला काहीच सापडत नाही. मग ती तीन तिकिटं बनवते: 31 मार्च रात्री 11:59, 1 एप्रिल रात्री 12:10, 1 एप्रिल पहाटे 5:31. जुन्या कोडने पहिली दोन 31 मार्चला आणि तिसरं 1 एप्रिलला दाखवायला हवं. नव्या कोडने पहिलं एकटं 31 मार्चला. तसंच येतं, आणि तसं ती लिहिते. आता वाचणाऱ्याला कोड न चालवताही कळतं की नेमकी कडेची वेळ तपासली आहे.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिला माहीत नसतं. जुन्या माहितीवर परिणाम? ती विचार करते आणि लिहिते: ‘हो. जुने अहवाल पुन्हा उघडले तर आकडे बदलतील. हिशेब विभागाला विचारलेलं नाही.’ मला हे उत्तर फार मोलाचं वाटतं. टिकच्या ओळीत ‘माहीत नाही’ असं म्हणायची सोयच नसते, तिथे खूण करायची किंवा नाही करायची. प्रश्नाला अर्धवट पण प्रामाणिक उत्तर देता येतं, आणि तपासणाऱ्याचं पुढचं काम त्या अर्ध्यापासून सुरू होतं.

तपासणारा हिशेब विभागात फोन करतो. तिथून कळतं की मार्चपर्यंतचे आकडे भरून झालेत, एप्रिलचेही गेलेत, ते बदलता कामा नयेत. तिकडचे साहेब म्हणतात, “जूनपासून नवं चालू करा, मागचं आहे तसं राहू द्या.” मुलगी कोडमध्ये अट घालते: 1 जूनच्या आधीचे दिवस जुन्या पद्धतीने, 1 जूनपासूनचे नव्या पद्धतीने. पीआर पुन्हा येतो. या वेळी ‘आधी इथे पाहा’ खाली तिने लिहिलेलं असतं: ‘31 मे आणि 1 जून यांच्या सांध्याबद्दल खात्री नाही.’

तपासणारा कागदावर रेघ ओढून पाहतो. जुन्या पद्धतीतला 31 मे म्हणजे भारतीय वेळेने 31 मेच्या पहाटे 5:30 पासून 1 जूनच्या पहाटे 5:30 पर्यंत. नव्या पद्धतीतला 1 जून रात्री 12 ला सुरू होतो. मधले साडेपाच तास दोन्हीकडे मोजले जाणार आणि त्या रात्रीचं प्रत्येक तिकीट दोन अहवालांत येणार. “31 मे रात्री बाराला संपव, तो एकच दिवस साडेअठरा तासांचा राहील,” असं तो सांगतो. ती तशी दुरुस्ती करते आणि त्या रात्रीच्या एका तिकिटाची टेस्ट लिहिते. आता हिशेब जुळतो.

हे सगळं पहिल्या डिफमध्ये कुठेही नव्हतं. तपासणाऱ्याची हुशारी तीच होती. पहिल्या वेळी तिला वाव मिळाला नव्हता, कारण त्याला नुसती एक बरोबर ओळ दाखवली गेली होती. चौथ्या प्रश्नाचा उपयोग यातून दिसतो. लिहिणाऱ्याला आपली शंका नेमकी कुठे आहे ते माहीत असतं, पण विचारल्याशिवाय तो ती सांगत नाही. मोठ्या पीआरमध्ये तर हा प्रश्न आणखी कामाचा. गिटहब बदललेल्या फाइली त्यांच्या नावांच्या क्रमाने लावतो. महत्त्वाची फाइल यादीत अकरावी असेल तर तपासणारा तिथे पोचेपर्यंत थकलेला असतो. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, यादीत आधी दिसणाऱ्या फाइलींवर जास्त शेरे येतात असं आढळलं होतं. ‘आधी ही फाइल पाहा’ एवढी एक ओळ हा क्रम मोडते.

काही चमू टेम्प्लेटमध्ये तपासणाऱ्यासाठीही टिकची यादी घालतात. मला ती पद्धत पटत नाही. वर्णन एकच असतं आणि चौकोनही एकच. दोघांनी तपासलं तर खूण कोणाची हे पानाकडे पाहून कळत नाही, त्यासाठी बदलांचा इतिहास उघडावा लागतो. शिवाय लिहिणाऱ्यालाही त्या खुणा करता येतात. तपासणाऱ्याने मान्यता देताना आपण काय पाहिलं ते एका वाक्यात लिहावं: ‘सांध्याच्या रात्रीची टेस्ट चालवून पाहिली, अहवालाची स्क्रीन पाहिलेली नाही.’ या वाक्यातला दुसरा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे, कारण न पाहिलेलं कोणी दुसऱ्याने पाहायचं हे त्यातून ठरतं.

जगातल्या मोठ्या प्रकल्पांची टेम्प्लेटं कोणालाही उघडून वाचता येतात, आणि ती वाचण्यासारखी आहेत. वेबसाइट बनवायला वापरल्या जाणाऱ्या जँगोच्या यादीत एक ओळ आहे: दिसण्यात बदल असेल तर उजेडी आणि अंधाऱ्या अशा दोन्ही रूपांतली चित्रं जोडली आहेत का. ओळ लहान आहे, पण ती एका ठरावीक विसराळूपणावर नेमकं बोट ठेवते. आपला स्क्रीन ज्या रूपात लावलेला असतो त्याच रूपात माणूस बदल पाहतो. रूबी ऑन रेल्सच्या यादीतली पहिली अपेक्षा अशी की या पीआरमध्ये एकच बदल आहे, संबंध नसलेले बदल वेगळ्या पीआरमध्ये टाकावेत. तीही मला आवडते, कारण यंत्राला ते ओळखता येत नाही आणि लिहिणाऱ्याला एका नजरेत कळतं.

पण सर्वांत शिकण्यासारखं आहे ते कुबरनेटीसचं. मोठमोठ्या सर्व्हरांचा कारभार चालवणारा हा प्रकल्प आहे आणि जगभरातले लोक त्यात बदल पाठवतात. त्याचं टेम्प्लेट विचारतं की वापरणाऱ्याला जाणवेल असा बदल यात आहे का. असेल तर पुढच्या आवृत्तीच्या माहितीपत्रकात छापायचं वाक्य तिथेच लिहायचं, नसेल तर `NONE` लिहायचं. चौकट रिकामी सोडली तर एक बॉट त्या पीआरवर `do-not-merge/release-note-label-needed` ही चिठ्ठी लावतो आणि ती निघेपर्यंत बदल मिसळला जात नाही. इथे तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत. उत्तर शब्दांत द्यावं लागतं. ‘नाही’ हे उत्तर चालतं, पण ते हाताने लिहावं लागतं, गप्प राहून चालत नाही. आणि लिहिलेलं वाक्य पुढे खरोखर वापरलं जातं, त्यामुळे ते निष्काळजीपणे लिहिलं तर कोणाच्या तरी लक्षात येतं. ज्या उत्तराचं पुढे काहीच होत नाही ते लोक नीट लिहीत नाहीत, असं माझं निरीक्षण आहे, आणि त्यात त्यांचा दोष नाही.

बॉट नसेल तर गिटहब स्वतःहून काही अडवत नाही, हे इथे सांगायला हवं. सगळे चौकोन रिकामे ठेवूनही पीआर मिसळता येतो. अडवायचं असेल तर तशी तपासणी वेगळी बसवावी लागते. लहान चमूने ती लगेच बसवू नये असं मी म्हणेन. सक्ती आली की लोक चौकोन भरतात, पण ते अडथळा दूर करण्यासाठी भरतात. उत्तरं भरली जात नसतील तर आधी प्रश्नच चुकीचे नाहीत ना ते पाहावं.

प्रश्न चुकलेत हे ओळखायला फार अवघड नाही. मागचे वीस-तीस पीआर उघडून ओळीने वाचा. एखाद्या प्रश्नाखाली सगळीकडे तेच उत्तर असेल, किंवा सगळीकडे ‘लागू नाही’ असेल, तर तो प्रश्न कोणाला काही सांगत नाही, तो काढा. तपासणाऱ्यांच्या शेऱ्यांत एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारलेला दिसला, ‘हे कुठल्या ग्राहकासाठी?’ किंवा ‘हे बंद करायचं झालं तर कसं?’, तर तो टेम्प्लेटमध्ये यायला हवा. आणि वर्णनातून टेम्प्लेटच पुसून टाकलेलं वरचेवर दिसलं, तर ते लांब झालंय. एका शब्दाची शुद्धलेखनाची चूक सुधारणाऱ्यालाही तोच नमुना भरावा लागतो हे लक्षात ठेवावं. वेगवेगळ्या कामांसाठी वेगवेगळी टेम्प्लेटं ठेवायची सोय आहे, पण गिटहबवर त्यांतलं हवं ते निवडायला पत्त्यात `?template=` असं जोडावं लागतं. घाईत ते कोणी करत नाही आणि सगळे नेहमीचंच टेम्प्लेट वापरतात. म्हणून मी एकच ठेवायला सांगते, आणि ते असं की लहान बदलाला दोन ओळींत भरून होईल.

आणखी एक बारीक गोष्ट, जी बहुतेकांना उशिरा कळते. पीआर मिसळताना त्यातले सगळे टप्पे एकत्र करून एकच नोंद करायची पद्धत अनेक ठिकाणी आहे, आणि त्या नोंदीचा मजकूर पीआरच्या वर्णनावरून आपोआप घ्यायची सोय गिटहबच्या सेटिंगमध्ये आहे. ती चालू असेल तर टेम्प्लेटमधले न भरलेले चौकोन आणि न दिसणाऱ्या सूचनासुद्धा कोडच्या कायमच्या इतिहासात जाऊन बसतात. तीन वर्षांनी कोणी `git log` उघडला की त्याला कारणाच्या जागी रिकाम्या चौकोनांच्या रांगा दिसतात. म्हणून ‘काय बदललं आणि का’ सगळ्यात वर आणि टिकच्या ओळी सगळ्यात खाली ठेवाव्यात, आणि मिसळताना खालचा भाग हाताने काढून टाकावा.

आता तारखेच्या त्या प्रकरणानंतर टेम्प्लेटमध्ये एक ओळ वाढवावी, ‘वेळेच्या विभागाचा विचार केला आहे’ अशी, असं चमूतल्या कोणाला तरी वाटणारच. अशी ओळ वाढवू नये. आधी पाहावं की हे यंत्राला देता येतं का. इथे येतं: अहवालाच्या कोडमध्ये भारतीय वेळेचा उल्लेख न करता `::date` लिहिलं तर लाल फुली दाखवणारी तपासणी एका दुपारी लिहून होते. मग पाहावं की असलेल्या प्रश्नांपैकी कोणी हे पकडलं असतं का. ‘जुन्या माहितीवर परिणाम’ या प्रश्नाने ते पकडलंच. दोन्हींची उत्तरं ‘नाही’ आली तरच नवी ओळ घालावी. ती घालणारा पीआर याच टेम्प्लेटमध्ये भरावा आणि ‘का’ खाली ज्या घटनेमुळे ती आली तिचा तिकीट क्रमांक द्यावा. वर्षभराने ती ओळ काढायची की ठेवायची हे ठरवायला बसणाऱ्याला तेवढा क्रमांक पुरतो.